टीव्हीचा ब्लूटूथ हेडफोन: आवाज मागे का पडतो आणि मध्येच का तुटतो

टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन जोडला की दोन तक्रारी सुरू होतात आणि सांगणारा त्या एका दमात सांगतो: "ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो, आणि मध्येमध्ये तुटतो." मग दोन्हींवर एकच उपाय केला जातो, हेडफोन बदलायचा. नवा, जास्त किमतीचा हेडफोन येतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. कारण हे दोन निराळे आजार आहेत. आवाज मागे पडण्याचं मूळ बहुतेक वेळा चित्र टीव्हीत कुठल्या वाटेनं येतं त्यात असतं. आवाज तुटण्याचं मूळ बहुतेक वेळा घरातल्या वाय-फायमध्ये असतं. हेडफोन बिचारा दोन्हीकडे बऱ्यापैकी निर्दोष असतो.

कुठला आजार आहे हे ओळखायला एकच चाचणी पुरते. सेट टॉप बॉक्सवर एखादं बातम्यांचं चॅनल लावून दहा मिनिटं हेडफोननं ऐका. मग टीव्हीतल्याच यूट्यूब ॲपवर बातम्या लावून तितकाच वेळ ऐका. हेडफोन तोच, खुर्ची तीच, फक्त चित्राची वाट बदलली.

बातम्याच का, तर निवेदक समोर बघून बोलतो आणि प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटल्याशिवाय गत्यंतर नसतं. "मुंबई", "पिंपरी", "बातम्या" अशा शब्दांवर डोळा ठेवा. ओठ मिटून उघडले आणि म कानात नंतर आला, तर उशीर लगेच पकडता येतो. मालिकेत हे जमत नाही. तिथे एकाच्या संवादावर दुसऱ्याचा चेहरा दाखवतात आणि डबिंग असेल तर ओठ मुळातच जुळलेले नसतात.

कोथरूडला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. नातू दहावीला, म्हणून संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद आणि काकूंच्या कानावर हेडफोन. त्यांची तक्रार: "अरे, ही बया भांडून दारापर्यंत पोचते तेव्हा मला तिचं भांडण ऐकू येतं." शिवाय रात्री आवाज गचके खातो. टीव्ही अँड्रॉइडवाला, डीटीएचचा बॉक्स एचडीएमआय केबलनं जोडलेला, हेडफोन साधा पण चांगल्या अवस्थेतला. त्यांच्याकडे ही चाचणी केली तेव्हा निकाल असा आला: सेट टॉप बॉक्सवर आवाज सरळसरळ मागे, पण तुटत नाही. यूट्यूबवर ओठ आणि आवाज एकदम जुळलेले, पण दर थोड्या वेळानं गचका. म्हणजे एका वाटेवर एक आजार, दुसऱ्या वाटेवर दुसरा. हे चित्र पुण्यातल्या फ्लॅटांमध्ये मी इतक्यांदा पाहिलंय की आता तक्रार ऐकतानाच पहिला प्रश्न विचारतो, "बॉक्सवर की ॲपवर?"

बॉक्सवर आवाज मागे का राहतो

ब्लूटूथनं आवाज पाठवायचा म्हणजे टीव्हीला तो आधी उलगडावा लागतो, मग पुन्हा एसबीसी नावाच्या कोडेकमध्ये बांधावा लागतो, मग रेडिओवरून तुकड्यातुकड्यांनी पाठवावा लागतो. हेडफोन ते तुकडे लगेच वाजवत नाही, आधी थोडा साठा करतो. आपल्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळ चालू राहतो ना, तसंच. रेडिओवर एखादा तुकडा हरवला तरी साठ्यातून आवाज चालू राहतो आणि तेवढ्यात हरवलेला तुकडा परत मागवता येतो. पण टाकी जेवढी मोठी तेवढा आवाज जुना. साध्या एसबीसी जोडणीत ही सगळी साखळी मिळून साधारण १५० ते २५० मिलिसेकंद खाते.

आता ॲप काय करतं? टीव्हीतलं ॲप चित्र स्वतःच उलगडत असतं. आवाज बाहेर पडायला किती वेळ लागतोय याचा अंदाज त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळतो, म्हणून ते चित्र तेवढंच थांबवून दाखवतं. दोन्ही उशिरा, पण एकत्र उशिरा, आणि रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमात पाव सेकंद उशीर झाला तर कुणाला कळणार? सेट टॉप बॉक्सचं चित्र मात्र एचडीएमआय केबलमधून एकामागून एक फ्रेमनं येत राहतं आणि टीव्ही ते पडद्यावर टाकत राहतो. ते थांबवून धरायची सोय बऱ्याच टीव्हींमध्ये नसते. त्यामुळे चित्र वेळेवर, आवाज ब्लूटूथच्या फेऱ्यातून, आणि मधलं अंतर तुमच्या माथी.

हे अंतर मोजता येतं आणि मोजावं, नाहीतर उपाय लागू पडला की नाही यावर घरात वाद होतो. फोनचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओवर ठेवा. हेडफोनचा एक कप फोनच्या माइकला टेकवा, टीव्हीचे स्पीकर बंद करा आणि पडद्याचं रेकॉर्डिंग करा. मग फोनवरच्या कुठल्याही व्हिडिओ एडिटरमध्ये ते उघडा. ओठ मिटून उघडलेली फ्रेम आणि आवाजाच्या पट्टीवर त्या अक्षराचा उंचवटा, यांत किती फ्रेम आहेत ते मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. क्रिकेट चालू असेल तर बॅटवर चेंडू बसल्याची फ्रेम आणि टकटक आवाज, हे त्याहून सोपं. काकूंच्या टीव्हीवर बॉक्समधून साधारण सात फ्रेम निघाल्या, म्हणजे २३० मिलिसेकंदांच्या आसपास.

किती चालतं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची १९९८ ची बीटी.१३५९ ही शिफारस यासाठी वापरतात. तिच्यानुसार आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला कळू लागतं आणि १८५ च्या पुढे ते खपत नाही. उलट आवाज चित्राच्या आधी आला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. लांबचा आवाज उशिरा येतो याची कानाला सवय आहे, आधी येतो याची नाही. म्हणजे काकूंच्या २३० ला शून्यावर आणायची गरज नाही, १२५ च्या आसपास आणलं तरी भांडण दारापर्यंत पोचायच्या आत ऐकू येईल.

सेटिंग आणि त्यातली गल्लत

पहिल्यांदा टीव्हीच्या साउंड मेनूत `A/V sync` किंवा तशा नावाची सोय आहे का ते पाहा. काही टीव्हींमध्ये ती खास ब्लूटूथसाठी असते आणि खरोखर चित्र थांबवते. ती असेल तर चालू करा, पुन्हा बॉक्सवर मोजा, आणि अंतर गेलं असेल तर पुढचा सगळा उपद्व्याप वाचला.

गल्लत होते ती `Digital Output Audio Delay` सारख्या पट्टीशी. नावात डिले दिसलं की लोक ती उत्साहानं उजवीकडे सरकवतात. ही पट्टी आवाज थांबवते, चित्र नाही. साउंडबारचा आवाज चित्राच्या आधी येत असेल तर ती कामाची. आपला आवाज आधीच मागे आहे, त्यात ती आणखी मागे ढकलेल, नाहीतर ब्लूटूथवर तिचा काहीच परिणाम होणार नाही. ती शून्यावर आणून विसरून जा. फाइल पेनड्राइव्हवरून बघत असाल तर गोष्ट वेगळी. व्हीएलसी किंवा कोडीसारख्या प्लेअरमध्ये आवाज चित्राच्या पुढेही ओढता येतो, व्हीएलसीमध्ये त्यासाठी उणे आकडा द्यायचा. पण ती सोय त्या प्लेअरपुरती. बॉक्सवरच्या चॅनलला तिचा उपयोग नाही.

काकूंच्या टीव्हीत `A/V sync` नव्हतं. मग टीव्हीला यातून बाजूलाच काढलं.

आवाज बॉक्समधूनच घ्या

बऱ्याच डीटीएच बॉक्सना एचडीएमआयशिवाय आवाजाची आणखी एक वाट असते: लाल-पांढऱ्या आरसीए पिना, किंवा साडेतीन मिलिमीटरचं एव्ही भोक, काहींना ऑप्टिकल. एचडीएमआय चालू असतानाही तिथून सहसा आवाज येत राहतो. तिथे एक छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावायचा आणि हेडफोन टीव्हीऐवजी त्याला जोडायचा. ऑप्टिकल वापरलंत तर बॉक्सच्या मेनूत डिजिटल आवाज `PCM` वर ठेवा. डॉल्बीवर ठेवलात तर साध्या ट्रान्समीटरला तो उलगडत नाही आणि हेडफोन गप्प बसतो किंवा खरखरतो.

यात फायदा कुठून येतो हे समजून घेण्यासारखं आहे. बॉक्समधून आलेल्या चित्रावर टीव्ही बरंच काम करतो: आकार वाढवणं, हालचाल गुळगुळीत करणं, रंग सुधारणं. त्यात चित्र पडद्यावर यायला काही दशक मिलिसेकंद, कधी शंभराच्या घरात, उशीर होतो. एरवी टीव्ही आपल्या स्पीकरचा आवाजही तितकाच थांबवतो, म्हणून ते लक्षात येत नाही. पण आवाज बॉक्समधूनच बाहेर काढला तर तो हा थांबा टाळून निघतो. चित्र टीव्हीत रेंगाळतं, तेवढ्या वेळात ब्लूटूथ आपला उशीर भरून काढतो. म्हणून या जोडणीत टीव्हीवर गेम मोड लावू नका. गेम मोड चित्रावरचं काम कमी करून ते लवकर दाखवतो, आणि इथे आपल्याला तो रेंगाळ हवाच आहे.

काकूंच्या जुन्याच हेडफोननं आणि साध्या ट्रान्समीटरनं सात फ्रेमवरून चारवर आलो, सुमारे १३० मिलिसेकंद. मालिकेला हे पुरलं. बातम्यांत बारकाईनं पाहिलं तर थोडं कळतं, पण काकू बातम्या काकांच्या तोंडून ऐकतात.

यापुढे जायचं असेल तर ॲप्ट-एक्स लो लेटन्सी हा कोडेक आहे, त्याचा उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. अट एकच आणि ती दुकानात कुणी सांगत नाही: ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांतही तो हवा. एकात असून उपयोग नाही, दोघं निमूटपणे एसबीसीवर उतरतात आणि पेटीवरचा लोगो तेवढा दिसत राहतो. हल्लीच्या बऱ्याच इअरबडमध्ये हा कोडेक नसतोच. त्याऐवजी "गेमिंग मोड" असतो, दांडीवर तीनदा टिचकी मारून चालू होणारा. तो वर सांगितलेली टाकी लहान करतो. आवाज पुढे येतो, पण एखादा तुकडा हरवला की लगेच गचका. आधीच आवाज तुटत असेल तर हा मोड चालू करणं म्हणजे एक तक्रार देऊन दुसरी घेणं.

ॲपवर आवाज का तुटतो

आता दुसरा आजार. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि जुनं वाय-फायही तिथेच. ब्लूटूथ या पट्ट्याचे एक-एक मेगाहर्ट्झचे ७९ भाग करून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतो आणि जिथे गर्दी दिसेल ते भाग टाळतो. वाय-फायचं एक चॅनल सुमारे २० मेगाहर्ट्झ व्यापतं. पट्ट्यात एकमेकांना न खेटता बसतील अशी तीनच चॅनल आहेत, १, ६ आणि ११. फ्लॅटमध्ये फोनवर वाय-फायची यादी उघडा, वरच्या-खालच्या-समोरच्या बिऱ्हाडांचे राउटर मोजा, म्हणजे ब्लूटूथला उडी मारायला किती जागा उरते ते दिसेल.

पण शेजाऱ्यांपेक्षा मोठा गुन्हेगार घरातच असतो. बऱ्याच टीव्हींमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, काहींत अँटेनाही सामाईक. टीव्ही २.४ वर वाय-फायनं यूट्यूब ओढतोय आणि त्याच वेळी ब्लूटूथनं आवाज पाठवतोय, म्हणजे दोघांना आळीपाळीनं बोलावं लागतं. व्हिडिओचा पुढचा हप्ता डाउनलोड होताना वाय-फाय जास्त वेळ घेतं आणि हेडफोनची टाकी रिकामी होते. तोच गचका. म्हणून काकूंकडे बॉक्सवर आवाज तुटत नव्हता: तेव्हा वाय-फायला काही कामच नव्हतं.

खात्री करायची असेल तर टीव्हीचं वाय-फाय बंद करा आणि पेनड्राइव्हवरची फाइल लावा. गचके गेले, तर निदान पक्कं. फक्त त्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क वापरू नका. यूएसबी ३.० ची उपकरणं आणि त्यांच्या केबली २.४ गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट करतात आणि ती डिस्क टीव्हीच्या पाठीला, ब्लूटूथच्या अँटेनाशेजारी लोंबत असेल तर चाचणीच बिघडते.

उपाय असा की टीव्हीला २.४ वरून उठवायचं. लॅन केबल पोचत असेल तर उत्तम. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा १०० मेगाबिटचं असतं, ते घरच्या व्हिडिओला पुरून उरतं. केबल नको असेल तर ५ गिगाहर्ट्झ. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, नक्की पत्ता राउटरच्या पाठीवर छापलेला असतो) जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. एकच नाव असलं की टीव्ही कुठल्या पट्ट्यावर बसलाय ते कळत नाही. मग टीव्ही ५ च्या नावाला जोडा. तिथेच २.४ ची रुंदी ४० असेल तर २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनल `Auto` वर न ठेवता १, ६, ११ यांपैकी सगळ्यात मोकळं असेल ते निवडा.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणूनच तक्रार परत येते. काकूंकडेही आली, आणि आली ती गुरुवारी. महावितरणचं देखभालीचं काम आपल्याकडे बऱ्याचदा गुरुवारी निघतं. वीज परत आली की सोसायटीतले सगळे राउटर एकदम उठतात, आणि `Auto` वरचे बरेच जण त्याच वेळी आपापलं चॅनल नव्यानं निवडतात. त्यात बऱ्याच राउटरांवर २.४ आधी चालू होतं आणि ५ मागाहून. टीव्हीला दोन्ही नावांचे पासवर्ड ठाऊक असले तर तो जे आधी दिसेल त्याला जाऊन चिकटतो आणि मग तिथेच बसून राहतो. म्हणून शेवटची पायरी सोडू नका: टीव्हीच्या नेटवर्क यादीत २.४ च्या नावावर जाऊन `Forget` करा. मग वीज कितीही वेळा जावो, टीव्हीला ५ ची वाट बघण्यावाचून इलाज नाही.

टीव्ही अगदी बेसिक असेल, त्यात ५ गिगाहर्ट्झ नसेल आणि केबलही पोचत नसेल, तर ॲप बघण्यासाठी आवाज टीव्हीच्या हेडफोन भोकातून किंवा ऑप्टिकलमधून वेगळ्या ट्रान्समीटरला द्या. त्याची चिप निराळी असते आणि यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरनं त्याला टीव्हीच्या पाठीमागून काढून समोर आणता येतं. पण तेव्हा ॲपला ब्लूटूथचा पत्ता नसतो, म्हणून ते चित्र थांबवणार नाही आणि ओठांचं अंतर परत येईल. तिथे लो लेटन्सीची जोडीच घ्यावी लागते.

तुटण्याची आणखी दोन कारणं, थोडक्यात

हेडफोन एकाच वेळी फोनला आणि टीव्हीला जोडलेला असेल तर व्हॉट्सॲपचा "टिंग" वाजला की तो क्षणभर फोनकडे वळतो. हा गचका नसतो, चांगला एक-दोन सेकंदांचा पूर्ण शांततेचा तुकडा असतो, आणि नेमका मेसेजच्या वेळी येतो. हेडफोनच्या ॲपमधून दोन उपकरणांची जोडणी बंद करा, नाहीतर फोनचं ब्लूटूथ तेवढा वेळ बंद ठेवा.

दुसरं, मान वळवली किंवा स्वयंपाकघरात गेलं की तुटत असेल, तर अंतर आणि आडोसा. शरीरातलं पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे टीव्हीकडे पाठ केली तरी फरक पडतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे तर फार अपेक्षाच ठेवू नये.

एक गोष्ट यातल्या कशानंही जमणार नाही. काकांना स्पीकरवर आणि काकूंना हेडफोनवर एकाच खोलीत एकाच वेळी ऐकायचं असेल, तर काकूंना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येईल, आधी खोलीतून, मग कानात. स्पीकर आणि ब्लूटूथ यांच्या वेळा टीव्ही जुळवून देत नाही. बॉक्सच्या वाटेनं आणि लो लेटन्सीच्या जोडीनं हे अंतर इतकं कमी होतं की प्रतिध्वनीसारखं वाटतं, पण नाहीसं होत नाही. दोघांना एकदम ऐकायची रोजची गरज असेल तर टीव्हीच्या हेडफोन भोकातून पाच मीटरची साधी वायर सोफ्यापर्यंत नेणं, एवढाच मार्ग. त्याआधी साउंड मेनूत हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होऊ नयेत अशी सोय आहे ना, ते पाहून घ्या. सगळ्या टीव्हींत ती नसते.